रोजचे तीनशे किलोमीटर

सोमवारी सकाळी ऑफिसला निघायच्या गडबडीत व्हॉट्सॲपवर बिलाचा फोटो आला. भाडं १२,६००, जादा किलोमीटर १,७३६, ड्रायव्हर भत्ता १,२००. एकूण १५,५३६, टोल-पार्किंग वेगळं. माझ्या डोक्यात आकडा होता ९,७०४. रात्री गाडीत बसल्या बसल्या मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर काढलेला. मी जालन्याला एका बियाणे कंपनीत हिशोब बघतो, आकड्यांत सहसा चुकत नाही. पण इथं तर पाच हजार आठशे बत्तीस रुपयांचा फरक.

झालं असं की आईचा नवस होता. तुळजापूरला जायचं, वाटेत अंबाजोगाईला योगेश्वरीचं दर्शन घ्यायचं आणि लातूरला आत्याकडे तासभर टेकायचं. आमची गाडी वॅगनआर. आई, मावशी, आम्ही दोघं आणि दोन पोरं एवढे त्यात बसलो असतो, पण मावशीचे गुडघे संभाजीनगरच्या बाहेर पडायच्या आतच बोलायला लागले असते. म्हणून ड्रायव्हरसकट भाड्याने अर्टिगा घ्यायची ठरवली. शनिवारी सकाळी निघायचं, रविवारी रात्री परत.

ऑफिसातल्या एकाने वाळूजच्या एका गाडीवाल्याचा नंबर दिला. दोन-तीन गाड्यांचा धंदा, माणूस बोलायला गोड. त्याचा मेसेज आला तो असा: "अर्टिगा ४२०० पर डे ३०० किमी. एक्स्ट्रा १४. ड्रायव्हर भत्ता ४०० पर डे. टोल पार्किंग एक्स्ट्रा. जी टू जी." मी "ओके" लिहिलं आणि ३,००० ॲडव्हान्स पाठवला. शेवटचं ते जी टू जी काय आहे हे मी विचारलंच नाही. मला वाटलं, जीएसटीचं काहीतरी असेल.

मेसेज एका ओळीचा होता, पण पुढे भांडण झालं ते तीन गोष्टींवरून. दोन त्यात होत्या, तिसरी नव्हतीच.

शनिवारी सकाळी साडेसहाला गाडी सिडकोत दारात आली. ड्रायव्हर पन्नाशीचा, गेवराईकडचा, बोलणं मोजकं. आम्ही त्यांना मामा म्हणायला लागलो. सामान डिकीत टाकून झाल्यावर त्यांनी डॅशबोर्डवरून एक पॅड काढलं. त्यावर ड्युटी स्लिप होती. छापील कागद, वर गाडी नंबर, खाली 'स्टार्ट किमी', 'स्टार्ट टाइम', 'क्लोज किमी', 'क्लोज टाइम', आणि तळाला गिऱ्हाइकाची सही. स्टार्ट किमीच्या पुढे ६१,२०४ आधीच लिहिलेलं होतं. मी वाकून मीटर पाहिला तर ६१,२२२.

"मामा, हे अठरा कमी कसं?"

"गॅरेजवरनं निघालो तवाचं रिडिंग आहे साहेब. वाळूजवरनं हितं यायला अठरा लागले."

मला ते पटलं नाही. गाडी माझ्या दारात येईपर्यंतचा खर्च माझा कसा? पण आई पुढच्या सीटवर बसून हात जोडून निघायची वाट बघत होती, तेव्हा मी मीटरचा फोटो काढला आणि विषय सोडला. फोटो काढला हे एक काम त्या दिवशी मी धड केलं.

बीड बायपासवरून सोलापूर हायवेला लागलो. आडूळ, पाचोड, गेवराई, पाडळसिंगीचा टोल. बीड ओलांडून मांजरसुंब्याला हायवे सोडला आणि केजमार्गे अंबाजोगाई. रस्त्यात नाश्ता, मग मावशीच्या पायांसाठी दोन थांबे. योगेश्वरीचं दर्शन शांतपणे झालं. दुपारी मुकुंदराजांच्या समाधीकडे जाऊन आलो आणि चारच्या सुमाराला लॉजवर टेकलो.

तेव्हा आई म्हणाली, "परळी हितनं किती लांब हाय?"

मामा म्हणाले, "पंचवीस. आर्ध्या तासाचं काम आहे आई."

"मग चला की. एवढ्या लांब आले अन् वैजनाथाला न भेटता माघारी?"

मी मनातल्या मनात हिशोब केला. मीटर तेव्हा ६१,४५२ दाखवत होता. घरापासून २३० झाले होते. परळीला जाऊन यायला ५० धरले की २८०. म्हणजे आजच्या तीनशेत बसतं. पण उद्याचा पल्ला मोठा होता. लातूर, तुळजापूर आणि तिथून थेट संभाजीनगर, चारशेच्या घरात. मी विचार केला, आजचे जेवढे वाचतील तेवढे उद्या कामाला येतील. दोन दिवसांचे मिळून सहाशे. आज सत्तर शिल्लक ठेवले तर उद्याची बरीचशी भर त्यातून निघेल. परळी केली तर ते पन्नास उद्या चौदाच्या भावाने मोजावे लागतील, सातशे रुपये.

"आई, उद्या लवकर निघायचंय. परळी पुन्हा कधीतरी," मी म्हणालो. आई काही बोलली नाही. संध्याकाळी लॉजच्या ओट्यावर मावशीशी मात्र बराच वेळ बोलत होती.

सातशे रुपये वाचवले असं मला वाटलं. ते खरंच वाचले का, हे सगळं 'पर डे' या दोन शब्दांवर लटकत होतं, आणि ते मला ठाऊक नव्हतं.

रात्री मामांनी स्लिपच्या मागे पेन्सिलीने लिहिलं: "शनि नाईट ६१,४५२ अंबाजोगाई." मी विचारलं, हे कशाला? "शेठ मागतो," एवढंच म्हणाले.

रविवारी साडेसातला निघालो. लातूरला आत्याकडे तासभर थांबायचं होतं, ते अडीच तास झाले. आत्याने सुशीला केला होता, मग चहा, मग "जेवूनच जा", मग फोटोंचे अल्बम. अकराच्या पुढे सुटका झाली. औशाच्या पुढे उजनीला पोरांनी बासुंदीसाठी गाडी थांबवली. एकच्या सुमाराला तुळजापूर. रविवार असल्याने गर्दी होतीच. शहाजी महाद्वारातून आत जाऊन रांगेला लागलो ते दर्शन होऊन बाहेर यायला पाच वाजून गेले. आईने एवढा वेळ रांगेत काढला, तक्रारीचा शब्द नाही. तिथून निघालो तेव्हा सहा.

धाराशिव, येडशी, येरमाळा, पारगावचा टोल. चौसाळ्याला जेवलो. बीडजवळ आलो तेव्हा गॅसचा काटा तळाला. गाडी सीएनजीवरची. पेट्रोलवर चालवता आली असती, पण मामा म्हणाले की पेट्रोलवर चालवलेलं शेठला चालत नाही. हायवे सोडून दोन किलोमीटर आत पंप होता. समोर वीसेक गाड्यांची रांग, प्रेशर कमी. पाऊण तास गेला. मुलं झोपली होती, मावशी पाय वर घेऊन बसली होती.

घरी पोहोचलो तेव्हा अकरा पन्नास. मीटर ६१,८५८. त्याचाही फोटो काढला. मामांना चहा विचारला, त्यांनी नको म्हटलं, पॅड पुढे केलं. 'क्लोज किमी' आणि 'क्लोज टाइम' कोरं होतं. "गॅरेजला गेल्यावर टाकतो. तुम्ही सही करून ठेवा." मी डोळ्यांवर झोप घेऊन कोऱ्या रकान्याखाली सही केली. हिशोब खात्यात वीस वर्षं काढलेल्या माणसाने!

आता बिलाकडे येतो.

फोटोत मालकाने मांडणी सरळ केली होती. तीन दिवस, ४,२०० प्रमाणे १२,६००. भत्ता तीन दिवसांचा १,२००. जादा किलोमीटर: शनिवारी २४८, म्हणजे तीनशेच्या आत, शून्य. रविवारी ४२४, म्हणजे १२४ जादा, चौदाने १,७३६. खाली स्लिपचा फोटो. क्लोज किमी ६१,८७६, क्लोज टाइम रात्री १२:२५.

मी माझा कागद काढला. घर ते घर ६३६. दोन दिवसांचे सहाशे वजा जाता ३६ जादा, म्हणजे ५०४ रुपये. भाडं ८,४००, भत्ता ८००. एकूण ९,७०४.

दोघांच्या आकड्यांत तीन ठिकाणी फारकत होती. गाडी कुठून कुठपर्यंत मोजायची. तीनशेची मर्यादा एकेका दिवसाची की सगळ्या दिवसांची मिळून. आणि दिवस संपतो कधी. दुपारी जेवणाच्या सुटीत फोन लावला.

"शेठ, वाळूज ते सिडको माझ्या माथी का? जाता-येता छत्तीस किलोमीटर."

"सर, मेसेज बघा. जी टू जी लिहिलंय. गॅरेज टू गॅरेज."

बघितला. लिहिलं होतं. आता त्यावर काय बोलणार? वर तो म्हणाला ते चुकीचंही नव्हतं. बाहेरगावच्या भाड्यात गाडी गॅरेजमधून निघाल्यापासून गॅरेजमध्ये परत येईपर्यंत मोजायची ही या धंद्यातली जुनीच रीत. ती रिकामी चाल कुणीतरी सोसायचीच असते. मला एवढंच कळायला हवं होतं की गाडी सिडकोतल्याच कुणाकडून घेतली असती तर छत्तीसच्या जागी चार-पाच किलोमीटर लागले असते, आणि चौदाच्या भावाने साधारण साडेचारशे रुपये तिथेच कमी झाले असते. भाव विचारताना मी गाडी कुठे उभी असते हे विचारलंच नव्हतं. इथं मी माघार घेतली. माझे ६३६ किलोमीटर ६७२ झाले.

"बरं. पण शनिवारी माझे बावन्न किलोमीटर उरले होते. ते रविवारात का धरले नाहीत?"

"सर, पर डे म्हणजे त्या दिवसाचे. उरले ते गेले. गाडी तर अख्खा दिवस तुमच्याकडेच अडकली ना?"

इथं जरा थांबून सांगतो, कारण खरा घोळ इथेच आहे. मालकाच्या बाजूने पाहिलं तर त्याला दोन प्रकारचे खर्च असतात. गाडीचा हप्ता, विमा, परमिट, ड्रायव्हरचा पगार हे गाडी फिरो न फिरो रोज चढतातच. गॅस, टायर, सर्व्हिसिंग हे गाडी जेवढी पळेल तेवढेच. चार हजार दोनशे भागिले तीनशे केले की बरोबर चौदा येतात. म्हणजे त्याचा भाव मुळात किलोमीटरला चौदा हाच आहे, आणि तो म्हणतो, गाडी कमी फिरली तरी दिवसाचे किमान तीनशेचे पैसे द्या. ही अट रास्त आहे. नाहीतर कुणी गाडी दिवसभर लग्नाच्या मांडवापुढे उभी ठेवेल आणि चाळीस किलोमीटरचे पैसे देईल.

पण ते किमान मोजायचं कसं, याच्या दोन पद्धती आहेत. एकात प्रत्येक दिवस सुटा. दुसऱ्यात सगळ्या दिवसांची सरासरी, म्हणजे दोन दिवसांना मिळून सहाशे. बाहेरगावच्या सहलीला बहुतेक गाडीवाले सरासरीच धरतात, बोलतानाही 'ॲव्हरेज तीनशे' असंच म्हणतात. कारण सहलीत एक दिवस पळण्याचा आणि एक दिवस फिरण्याचा असणारच. दोन्ही दिवस तीनशेच्या वर गेले तर दोन्ही पद्धतींचं उत्तर सारखंच येतं, आणि दोन्ही दिवस आत राहिले तर जादा काहीच नाही. फरक पडतो तो एक दिवस खाली आणि एक वर असेल तेव्हाच, आणि तोही फार तर खालच्या दिवशी जेवढे उरले तेवढ्यापुरता. माझ्या बाबतीत बावन्न किलोमीटर, ७२८ रुपये.

बावन्न. परळीला जाऊन यायला पन्नास लागले असते. मालकाची पद्धत खरी धरली तर शनिवारी परळी फुकट होती! जाऊन आलो असतो तरी शनिवार तीनशेच्या आत राहिला असता आणि रविवारच्या जादा किलोमीटरांत एकाचीही भर पडली नसती. माझी पद्धत खरी धरली तर परळीचे सातशे लागले असते. मी काटकसर केली माझ्या पद्धतीने आणि बिल आलं त्याच्या पद्धतीने.

हे फोनवर सांगताना माझा आवाज चढला असावा, कारण शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी डबा झाकला आणि बाहेर गेल्या.

"आणि तिसरा दिवस कुठला शेठ? मी अकरा पन्नासला घरी होतो."

"सर, रात्री बाराला तारीख बदलते. गाडी बारा पंचवीसला लागली गॅरेजला. सोमवार सुरू झाला. हा नियमच आहे."

मेसेजमध्ये हे कुठेही नव्हतं. पण ही रीतही या धंद्यात सरसकट आहे. सेल्फ ड्राइव्हवाले बहुधा चोवीस तासांचा दिवस धरतात, ड्रायव्हरसकट गाडी देणारे तारखेचा. शनिवारी सकाळी साडेसहाला आलेली गाडी चोवीस तासांच्या हिशोबाने सोमवारी सकाळी साडेसहापर्यंत दोनच दिवस भरते. तारखेच्या हिशोबाने पंचवीस मिनिटांसाठी तिसरा दिवस लागतो.

मी त्याच्याशी नियमावर भांडलो नाही. कागद पुढ्यात होता, तोच वाचून दाखवला.

"शेठ, तुमचं खरं धरू. तीन दिवस झाले. मग मर्यादा किती? तीनशे त्रिक नऊशे. मी फिरलो सहाशे बहात्तर. मग जादा किलोमीटर आले कुठून? तिसऱ्या दिवसाचं भाडं घेता, तर तिसऱ्या दिवसाचे तीनशे किलोमीटर कुठं गेले?"

तिकडून काही आलं नाही.

"बरं, तुम्ही म्हणता दिवस सुटा धरायचा. तसं धरू. बारानंतर गाडी जी चालली ते पंधराएक किलोमीटर सोमवारचे. ते तुम्ही रविवारच्या चारशे चोवीसमध्ये कसे घातले? भाड्याला सोमवार आणि किलोमीटरला रविवार, असं कसं चालेल?"

"सर, तुम्ही लई बारीक जाताय."

"बारीक तुम्हीच गेलात. पंचवीस मिनिटांचे बेचाळीसशे लावले."

आणि मग गॅसचं काढलं. पाऊण तास मी पंपावर रांगेत बसलो तो गाडीच्या इंधनासाठी, माझ्या कामासाठी नाही. टाकी भरून ठेवायची नाही, पेट्रोलवर चालवायची नाही, आणि त्यामुळे झालेला उशीर गिऱ्हाइकाच्या खात्यात टाकायचा! तो पाऊण तास वजा केला तर गाडी बाराच्या आत गॅरेजला लागली असती. शिवाय पंपाला जाता-येताचे चार किलोमीटरही मीटरवर चढले होते, पण ते छप्पन रुपये मी सोडून दिले. माझ्याकडेही आत्याच्या घरचे अडीच तास होतेच. ते त्याला ठाऊक नव्हते आणि मी सांगितले नाहीत.

"मामांना विचारा, पंपावर किती वेळ गेला ते," मी म्हणालो.

तो म्हणाला, विचारून संध्याकाळी फोन करतो.

संध्याकाळी जालन्याहून परत येताना, बदनापूरच्या आसपास, त्याचाच फोन आला. सूर बदलला होता. मामांनी पंपाचं खरं सांगितलं असणार, त्यांचं मी मनोमन कौतुक केलं. शेठ म्हणाला, तिसऱ्या दिवसाचं भाडं काढतो, पण ड्रायव्हर बारानंतरही गाडीवर होता, त्याचा भत्ता मी त्याला देणार, तो तुम्ही द्या. यात मला काही गैर वाटलं नाही. मामा सकाळी साडेसातपासून स्टिअरिंगवर होते. चारशे रुपये मामांच्या हातात जाणार असतील तर हरकत नाही, असं मी म्हणालो, आणि ते मी वेगळे त्यांच्याच नंबरवर टाकतो असंही सांगितलं. त्यावर तो हसला.

"आणि किलोमीटर?"

"करा सर तुमच्या मनासारखं. दोन दिवसांचे सहाशे. पण गॅरेज टू गॅरेज."

मग कागदावर शेवटचा आकडा असा पडला. भाडं दोन दिवसांचं ८,४००. किलोमीटर ६७२ वजा ६००, ७२ जादा, १,००८ रुपये. भत्ता तिन्ही दिवसांचा १,२००. एकूण १०,६०८. त्यातून ॲडव्हान्सचे तीन हजार वजा. टोलच्या कपातीचे मेसेज त्याच्या मोबाईलवर येतात, कारण फास्टॅग त्याचा. त्याने त्यांचे स्क्रीनशॉट पाठवले, मी ते जुळवून पाहिले, तिथे एका पैशाचा फरक नव्हता.

माझ्या ९,७०४ पेक्षा हे नऊशे चार रुपये जास्त. त्यातले पाचशे चार मेसेजमधलं जी टू जी न वाचल्याचे आणि चारशे मामांचे. त्याच्या १५,५३६ पेक्षा ४,९२८ कमी.

बायकोने विचारलं, समजा तू फोटो काढले नसते तर? मी म्हणालो, फोटो फार कामाला आलेच नाहीत. वाद मीटरचा नव्हताच, मीटर दोघांचा सारखाच होता. कामाला आली ती मामांची पेन्सिलीची नोंद, तीही मालकाच्याच बाजूने. ती नोंद नसती तर त्याला शनिवार-रविवार वेगळे करताच आले नसते, नुसता सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा राहिला असता आणि मर्यादा आपोआप सहाशेची धरावी लागली असती. ड्रायव्हर रात्री मुक्कामाला मीटर लिहून ठेवायला लागला की समजावं, मालक दिवस सुटे मोजणार आहे. त्याच रात्री फोन करून विचारलं असतं तर निदान परळीचा निर्णय माहिती असून घेतला असता.

आणि कोऱ्या रकान्याखालच्या सहीबद्दल बायको जे बोलली ते इथे लिहीत नाही.

पुढच्या महिन्यात त्याच शेठला मी पुन्हा फोन केला. परळी राहिली होती ना. म्हटलं, एक दिवसाचं काय पडेल? त्याने विचार न करता सांगितलं, तोच भाव. मी कागद घेतला. बीडमार्गे जाऊन-येऊन साडेचारशेच्या आसपास, वर वाळूजचे छत्तीस. एकच दिवस, सरासरी काढायला दुसरा दिवसच नाही. चार हजार दोनशे, वर पावणेदोनशे-एकशे नव्वद किलोमीटरचे अडीच हजार, भत्ता, टोल. सात हजारांच्या पुढे. त्या शनिवारी अंबाजोगाईहून जास्तीत जास्त सातशे लागले असते.

मी दोन दिवस तसाच घोळत राहिलो. आईने बहुतेक फोनवरचं बोलणं ऐकलं होतं. शुक्रवारी सकाळी उठलो तर आई आणि मावशी दोघी तयार, पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. एसटीने चालल्या होत्या. आईला पंचाहत्तर पूर्ण, तिला तिकीट नाही. मावशीला बायकांचं अर्धं. मी स्टँडवर सोडायला गेलो. परळीच्या गाडीत खिडकीची जागा धरून आईने मला तिथूनच निरोप दिला.

"तू जा ऑफिसला. हिला किलोमीटर न्हाईत."